धातू, काच, लाकूड आणि हवा : उष्णता कोण वाहून नेते हे ओळखण्याची पद्धत

शालेय पुस्तकात हा विषय बहुधा एका वाक्यात संपतो : धातूंमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन असतात, म्हणून ते उष्णतेचे सुवाहक असतात. हे वाक्य चुकीचे नाही, पण त्याच्या आधारे पुढचा एकही प्रश्न सुटत नाही. तांबे आणि स्टेनलेस स्टील हे दोन्ही धातूच असताना त्यांच्या वाहकतेत पंचवीसपटींहून अधिक फरक का पडतो, मुक्त इलेक्ट्रॉन नसलेला हिरा तांब्यालाही मागे कसा टाकतो, आणि काच व क्वार्ट्झचा स्फटिक यांची रासायनिक घडण जवळजवळ एक असूनही क्वार्ट्झ कितीतरी सरस का ठरतो, याचे उत्तर त्या वाक्यात नाही. या लेखात एक छोटा घरगुती प्रयोग, एक सोपे सूत्र आणि त्या सूत्रातील तीन प्रश्न यांच्या आधारे ती उत्तरे पायरी-पायरीने शोधली आहेत. दहावीपर्यंतचे विज्ञान आणि गुणाकार-भागाकार एवढी तयारी पुरेशी आहे.

पायरी १ : स्पर्शावर विसंबू नका

एकाच खोलीत रात्रभर ठेवलेले तांब्याचे भांडे आणि लाकडी पोळपाट यांचे तापमान सकाळी सारखेच असते, तरीही भांडे हाताला गार लागते आणि पोळपाट लागत नाही. याचे कारण असे की बोटाला भोवतालच्या वस्तूचे तापमान कळत नाही, तर त्वचेचे स्वतःचे तापमान किती बदलले तेवढेच कळते. समजा त्वचा ३३ अंशांवर आणि खोली २७ अंशांवर आहे. तांब्याला बोट लावताच तांबे त्वचेजवळची उष्णता इतक्या झपाट्याने आत ओढून घेते, की स्पर्शाच्या जागी तापमान जवळजवळ २७ अंशांवर येते. लाकूड ती उष्णता पुढे सरकवू शकत नाही, त्यामुळे लाकडाचा पृष्ठभागच तापतो आणि स्पर्शाच्या जागी तापमान ३१ अंशांच्या वरच राहते.

धातू मुळातच ‘थंड’ असतो हा समज घालवायचा असेल, तर विदर्भातील मे महिन्यात, सावलीतल्या खोलीचे तापमान ४४ अंशांवर असताना, याच दोन वस्तूंना पुन्हा हात लावून पाहावा. त्या वेळी भांडे पोळपाटापेक्षा गरम लागते. मात्र या स्पर्शात वाहकतेबरोबर वस्तूची घनता आणि विशिष्ट उष्माधारकताही मिसळलेली असते, म्हणून केवळ वाहकता मोजायची असेल तर स्पर्श उपयोगाचा नाही.

पायरी २ : मेण, मोहरी आणि चार सळ्या

यान इंगेनहाउझ या डच वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या धातूंच्या सळ्यांना मेण लावून, त्यांची टोके गरम करून, कोणत्या सळईवर मेण किती अंतरापर्यंत वितळते हे पाहिले होते. तोच प्रयोग आपल्याला थोडा काटेकोरपणे करायचा आहे.

सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या आणि २५ सेंटिमीटर लांबीच्या चार सळ्या घ्याव्यात : तांब्याची, स्टेनलेस स्टीलची, प्रयोगशाळेत ढवळण्यासाठी वापरतात तशी काचकांडी, आणि लाकडाची. जाडी सारखी असणे फार महत्त्वाचे आहे, कारण जाड सळईत उष्णतेला वाट रुंद मिळते आणि तुलनाच बिघडते. मेणबत्तीचे मेण वितळवून त्याच्या बारीक थेंबांनी सळईवर दर ५ मिलिमीटरला मोहरीचा एक दाणा चिकटवावा. नुसते मेण लावले तर लाकूड ते शोषून घेते आणि वितळल्याची सीमा दिसत नाही. दाणा गळून पडला की शंकेला जागा उरत नाही. पातेल्याच्या तोंडावर जाड पुठ्ठा घट्ट बसवून त्यात सळ्यांपुरतीच छिद्रे पाडावीत, आणि वाफ बाहेर पडण्यासाठी सळ्यांपासून दूर, कडेला एक छिद्र ठेवावे. प्रत्येक सळई ५ सेंटिमीटर पाण्यात बुडेल इतपत पाणी भरावे. सळ्या गार पाण्यातच उभ्या कराव्यात आणि मग पाणी तापवावे. काचकांडी एकदम उकळत्या पाण्यात घातली तर ती तडकू शकते.

पाणी उकळू लागल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. ही वाट पाहणे टाळू नये, कारण सुरुवातीच्या काही मिनिटांत मेण किती वेगाने वितळते हे केवळ वाहकतेवर अवलंबून नसते, तर सळई स्वतः तापायला किती उष्णता खाते त्यावरही असते. याचे ठळक उदाहरण म्हणजे शिसे आणि साधे पोलाद. पोलादाची वाहकता सुमारे ५० आणि शिशाची ३५, तरीही सुरुवातीच्या शर्यतीत शिसे पुढे असते, कारण तेवढ्याच आकारमानाचे शिसे तापायला पोलादाच्या निम्म्याहूनही कमी उष्णता लागते. सगळ्या सळ्यांवरील तापमान स्थिर झाल्यावर मात्र ही गडबड निघून जाते.

स्थिर अवस्थेत काय होते ते पाहू. पाण्याकडून सळईत शिरलेली उष्णता वर सरकता सरकता वाटेत हवेला दिली जाते. त्यामुळे सळईचे जादा तापमान, म्हणजे खोलीच्या वर असलेले तापमान, ठराविक अंतरागणिक एक-तृतीयांशाच्या थोडे वर इतके उरते. ५ मिलिमीटर जाडीच्या सळईसाठी, पंखा बंद असताना, हे अंतर तांब्यासाठी सुमारे २२ सेंटिमीटर, स्टेनलेस स्टीलसाठी सव्वाचार सेंटिमीटर, काचेसाठी ११ मिलिमीटर आणि लाकडासाठी जेमतेम ५ ते ६ मिलिमीटर निघते. खोली ३० अंशांवर आणि मेणाचा वितळबिंदू ५५ अंशांच्या आसपास धरला, तर मोहरी जवळपास याच अंतरांपर्यंत गळते. तांब्याची सळई मात्र तेवढ्या लांबीची नसल्याने तिच्यावरचे सगळेच दाणे पडतात; तिच्या वरच्या टोकाचे तापमानही ७५ ते ८० अंशांपर्यंत पोहोचते.

येथे नवख्याची हमखास फसगत होते. स्टीलवर ४४ मिलिमीटरपर्यंत आणि काचेवर ११ मिलिमीटरपर्यंत दाणे पडले, म्हणून स्टीलची वाहकता काचेच्या चौपट असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण स्थिर अवस्थेतील हे अंतर वाहकतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून अंतरांच्या गुणोत्तराचा वर्ग करावा लागतो : चारचा वर्ग सोळा. पुस्तकातील आकडे स्टीलसाठी सुमारे १५ आणि काचेसाठी सुमारे १ असे आहेत, तेव्हा मोहरीचे दाणे बऱ्यापैकी खरे बोलतात.

प्रयोग बिघडला हे कसे ओळखावे? काच आणि लाकूड या दोन्हींवर दाणे सारख्याच उंचीपर्यंत पडले, तर ते उष्णतेच्या वहनामुळे पडलेले नसून पुठ्ठ्याच्या फटीतून आलेल्या वाफेमुळे पडलेले आहेत. एकाच सळईच्या एका बाजूचे दाणे पडले आणि दुसऱ्या बाजूचे राहिले, तर शेगडीची गरम हवा किंवा खिडकीचा वारा त्या बाजूला लागत आहे.

पायरी ३ : तीन प्रश्न विचारा

वर आलेले १५, १, ५० हे आकडे उष्णतावाहकतेचे आहेत. त्यांचे एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन. पुढेही हेच एकक गृहीत धरले आहे. तांब्यासाठी हा आकडा ४००, लाकडासाठी तंतूंच्या आडव्या दिशेने ०.१ ते ०.२ आणि हवेसाठी ०.०२६ आहे. म्हणजे तांबे आणि हवा यांच्यात पंधरा हजारपटींचे अंतर आहे, आणि ते कोठून आले हे समजण्यासाठी पुढचे सूत्र पुरते :

```
k = (1/3) · C · v · l
```

यात k म्हणजे वाहकता. C म्हणजे उष्णता वाहणारे कण एक घनमीटर पदार्थात, तापमान एका अंशाने वाढले असता, किती उष्णता स्वतःकडे घेतात तो आकडा. v हा त्या कणांचा वेग, आणि l हा एका टकरीपासून पुढच्या टकरीपर्यंत ते सरासरी किती अंतर जातात ते दाखवणारा सरासरी मुक्त मार्ग. वाहक सर्व दिशांना धावतात आणि आपल्याला हव्या त्या दिशेचा हिस्सा तीनपैकी एकच, म्हणून एक-तृतीयांश.

तेव्हा कोणताही पदार्थ समोर आला की तीनच प्रश्न विचारायचे : वाहक किती उष्णता उचलतो, किती वेगाने जातो, आणि न अडखळता किती दूर जातो. हे सूत्र मुळात वायूंसाठी मांडले गेले, पण वाहक रेणू आहे, इलेक्ट्रॉन आहे की कंपन आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसल्यामुळे ते तिन्ही ठिकाणी चालते. मला या विषयातील हीच सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

पायरी ४ : तांब्याला तीन प्रश्न

तांब्याचा प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन साऱ्या स्फटिकाला देऊन टाकतो. हे इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूचे राहत नाहीत, आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर असतो. दोन टकरींमधले त्यांचे अंतर खोलीच्या तापमानाला सुमारे ३९ नॅनोमीटर असते. हे अंतर डोळ्यांना शून्यच, पण तांब्याच्या दोन शेजारी अणूंमधले अंतर पाव नॅनोमीटर आहे हे लक्षात घेतले, तर इलेक्ट्रॉन दीडशे अणू ओलांडून मग कोठे अडखळतो असे दिसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र अनपेक्षित आहे. हे इलेक्ट्रॉन उष्णता जवळजवळ साठवतच नाहीत. एक घनमीटर तांबे एका अंशाने तापवायला सुमारे ३४ लाख ज्यूल लागतात, आणि त्यातले इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येतात फक्त सुमारे २१,००० ज्यूल, म्हणजे शंभरातला एक भागही नाही. याचे कारण पुंजयामिकीत आहे. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या खालपासून भरत आलेल्या असतात आणि एका पातळीत ठराविकच इलेक्ट्रॉन मावतात. अगदी वरच्या थरातल्या इलेक्ट्रॉनांनाच जवळची रिकामी पातळी मिळते, म्हणून तेवढेच उष्णता घेऊ शकतात. खालच्यांना हलायला जागा नसते. पाउल ड्रूड याने १९०० मध्ये धातूंचा इलेक्ट्रॉन-सिद्धान्त मांडला तेव्हा ही गोष्ट माहीत असणे शक्य नव्हते. १९२७-२८ च्या सुमारास आर्नोल्ड झोमरफेल्ड याने पुंजयामिकीच्या आधारे ती दुरुस्त केली.

आता गुणाकार करू. २१,००० गुणिले १५,७०,००० गुणिले ०.०००००००३९, भागिले ३. उत्तर सुमारे ४३० येते, आणि मोजलेला आकडा ४०० आहे. इतक्या साध्या सूत्राकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करू नये. तांब्यात उष्णता साठवतात ती अणूंची कंपने, पण ती वाहून नेतात जवळजवळ सर्वस्वी इलेक्ट्रॉन. उचलण्याची ताकद शंभरात एकाहूनही कमी असली, तरी वेग आणि पल्ला यांनी ती उणीव कितीतरी पटींनी भरून निघते.

येथे एक शंका साहजिक आहे : इलेक्ट्रॉन सेकंदाला दीड हजार किलोमीटर धावत असतील, तर पळीचे दुसरे टोक तत्क्षणी का तापत नाही? कारण दर ३९ नॅनोमीटरवर, म्हणजे सेकंदाच्या सुमारे चाळीस लाख-कोटीव्या भागात, टक्कर होऊन दिशा बदलते. इलेक्ट्रॉन पुढे जातो तितकाच मागेही येतो, आणि निव्वळ प्रगती भटकत भटकत होते. वीस सेंटिमीटरच्या तांब्याच्या सळईला त्यासाठी काही मिनिटे लागतात, आणि पायरी २ मध्ये आपण थांबलो ते याचसाठी.

पायरी ५ : स्टेनलेस स्टील मागे का पडते

या पायरीवर ‘धातू म्हणजे सुवाहक’ हा नियम उघडा पडतो. शुद्ध लोखंडाची वाहकता ८०, स्टेनलेस स्टीलची १५. इलेक्ट्रॉन स्टीलमध्येही विपुल आहेत आणि वेगवानही आहेत. बिघडले आहे ते तिसरे उत्तर. शुद्ध तांब्यात अणूंची रचना अतिशय नियमित असते, आणि नियमित रचनेतून इलेक्ट्रॉन न अडखळता जातो. अणू जागच्या जागी आहेत म्हणून तो आदळत नाही. त्यांचे कंपन किंवा मधेच आलेला परका अणू ती नियमितता मोडतो, तेव्हा तो आदळतो. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेलचे अणू शेकडा पंचवीसच्या आसपास, कोणत्याही क्रमाविना विखुरलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनाला पावलोपावली परका अणू भेटतो.

परक्या अणूंचा परिणाम किती तीव्र असतो याचे एक उदाहरण एअर कंडिशनरच्या नळ्यांत सापडते. त्यांच्या तांब्यातील ऑक्सिजन काढण्यासाठी किंचित फॉस्फरस मिसळलेला असतो, शेकडा ०.०२ च्या आसपास. तेवढ्याने वाहकता ४०० वरून सुमारे ३४० वर येते. संमिश्रात दोन्ही मूळ धातूंचा मध्य मिळेल ही अपेक्षाही फसते : तांबे ४०० आणि निकेल सुमारे ९०, पण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग निकेल यांचे संमिश्र सुमारे ३० वर येते, म्हणजे दोघांपेक्षाही खाली.

वाहक इलेक्ट्रॉनच आहेत याचा पडताळा घेण्याचा मार्ग गुस्टाफ वीडमान आणि रुडॉल्फ फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये दाखवला. खोलीच्या तापमानाला बहुतेक धातूंमध्ये उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांचे गुणोत्तर जवळपास सारखेच येते, कारण दोन्ही कामे करणारा एकच आहे. तांब्याच्या विद्युतवाहकतेवरून या नियमाने उष्णतावाहकता सुमारे ४२५ निघते. स्टेनलेस स्टीलवर हीच आकडेमोड केली तर १० निघते, आणि प्रत्यक्षात ती १५ आहे. ही तफावत नियमातील खोट नव्हे. इलेक्ट्रॉन इतके अडवले गेले आहेत, की एरवी नजरेत न भरणारा दुसरा वाहक आता एक-तृतीयांश भार उचलताना दिसू लागला आहे. तो वाहक म्हणजे अणूंची कंपने.

पायरी ६ : काचेत कंपने वाहतात, पण लगेच विरतात

काचेतील इलेक्ट्रॉन सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांत अडकलेले असतात. त्यांना सोडवायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळण्यासारखी नसते, म्हणून वीज वाहत नाही आणि इलेक्ट्रॉनांची उष्णतेची वाटही बंद असते. उरते ते कंपन. गरम टोकाचे अणू जोरात हलतात, बंधांमधून शेजाऱ्याला ओढतात, आणि ही हालचाल लाटेसारखी पुढे जाते. भौतिकशास्त्रात अशा कंपनाच्या लाटेच्या सर्वांत लहान हिश्श्याला फोनॉन म्हणतात आणि त्याला एखाद्या कणासारखे वागवतात, त्यामुळे आपले तीन प्रश्न त्यालाही लागू होतात.

शुद्ध सिलिकाच्या काचेत पहिले उत्तर भरघोस आहे : घनमीटरला सुमारे १६ लाख ज्यूल, म्हणजे तांब्याच्या इलेक्ट्रॉनांच्या पंच्याहत्तरपट. वेग ध्वनीचा, सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर. इलेक्ट्रॉनांच्या मानाने जवळजवळ चारशेपट कमी. मोजलेली वाहकता १.४ आहे, तेव्हा सूत्र उलटे फिरवून मुक्त मार्ग काढता येतो. तो ०.६५ नॅनोमीटर येतो. एका सिलिकॉन अणूपासून पुढच्यापर्यंतचे अंतर सुमारे ०.३ नॅनोमीटर असते. म्हणजे लाट जन्मते आणि दोन अणू ओलांडेपर्यंत विखुरते. खरे तर इतक्या कमी पल्ल्यात तिला लाट म्हणणेही ओढूनताणूनच होय.

असे का होते हे क्वार्ट्झ सांगतो. क्वार्ट्झ आणि सिलिकाची काच दोन्ही सिलिकॉन डायऑक्साइडच आहेत. फरक एवढाच, की क्वार्ट्झमध्ये अणू नियमित जाळ्यात बसलेले आहेत आणि काचेत तेच अणू वेडेवाकडे गोठलेले आहेत. क्वार्ट्झची वाहकता दिशेनुसार ६ ते १०, काचेची १.४. ही सारी तफावत जाळ्याच्या नियमिततेची आहे. हिऱ्यात तर कार्बनचे हलके अणू अतिशय ताठ बंधांनी आणि काटेकोर शिस्तीने बांधलेले असतात, ध्वनीचा वेग सेकंदाला १२ ते १८ किलोमीटर असतो आणि कंपने दूरवर जातात. त्यामुळे एकही मुक्त इलेक्ट्रॉन नसताना त्याची वाहकता २,००० च्या पुढे जाते. तेव्हा काच दुर्वाहक का, याचे उत्तर ‘मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत म्हणून’ एवढेच दिले तर ते अपुरे आहे. इलेक्ट्रॉन नाहीत आणि जाळेही विस्कटलेले आहे, अशी दोन्ही कारणे सांगावी लागतात.

पायरी ७ : वायूत पल्ला मोठा, पण हमालच थोडे

हवेचे रेणू साधारण ४६५ मीटर प्रति सेकंद वेगाने धावतात आणि दोन टकरींमध्ये सुमारे ६८ नॅनोमीटर जातात. हा पल्ला तांब्यातील इलेक्ट्रॉनांपेक्षाही मोठा आहे, आणि तरीही धातू, काच, लाकूड आणि हवा या चौघांत हवाच सर्वांत वाईट वाहक ठरते. कारण पहिले उत्तर : एक घनमीटर हवेत, आकारमान स्थिर ठेवून, एका अंशाला जेमतेम ८६० ज्यूल मावतात. तेथे रेणूच विरळ आहेत.

सूत्रात आकडे घातले तर ०.००९ येते, आणि मोजलेले मूल्य ०.०२६ आहे. ही जवळजवळ तिपटीची चूक लपवण्यात अर्थ नाही. सूत्र सर्व रेणूंना एकाच वेगाचे मानते. वस्तुतः सरासरीपेक्षा वेगवान रेणू अधिक ऊर्जा घेऊन अधिक दूर जातात, आणि तो परिणाम नीट धरला की आकडे जुळतात. सूत्र पट सांगते, नेमका आकडा नाही, एवढे ध्यानात ठेवावे. रेणू हलके असले की वेग वाढतो, म्हणून हेलियमची वाहकता हवेच्या जवळजवळ सहापट, ०.१५ आहे. जड आणि मंद आरगॉनची ०.०१८ आहे, म्हणूनच दुहेरी काचेच्या खिडक्यांमध्ये तो भरतात.

वायूंची एक गोष्ट नवख्याला पटकन पटत नाही. निम्मी हवा काढून घेतली तरी वाहकता कमी होत नाही : रेणू निम्मे होतात, पण अडवणारेही निम्मे झाल्याने प्रत्येकाचा पल्ला दुप्पट होतो, आणि गुणाकार तेवढाच राहतो. हे कोठवर चालते? पल्ला भांड्याच्या फटीएवढा होईपर्यंत. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये ५ मिलिमीटर फट असेल, तर ६८ नॅनोमीटरचा पल्ला तेवढा होण्यासाठी दाब वातावरणाच्या सत्तर हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे दीड पास्कलच्याही खाली आणावा लागतो. त्याच्या पुढे पल्ला वाढू शकत नाही, कारण रेणू सरळ भिंतीवरच आदळतो, आणि मग वाहकता खरोखर कोसळते. जेम्स ड्युअर याने १८९२ मध्ये तयार केलेल्या निर्वात भांड्याचे मर्म हेच आहे. थर्मासची टोपी नीट असूनही चहा तासाभरात कोमट होऊ लागला आणि बाहेरची भिंत हाताला गरम लागू लागली, तर फटीत हवा शिरली असे समजावे. अशा वेळी किंचित हवा शिरणे आणि पूर्ण शिरणे यांत फारसा फरक उरत नाही.

पायरी ८ : लाकूड

लाकडाला वेगळा सिद्धान्त लागत नाही. त्याच्या पेशींच्या भिंती सेल्युलोज आणि लिग्निनच्या, म्हणजे लांबलचक, गुंतलेल्या रेणूंच्या असतात; तेथे पायरी ६ लागू होते. पेशींच्या पोकळ्यांत हवा असते. तेथे पायरी ७. पोकळ्या इतक्या बारीक, की हवा आतल्या आत फिरूही शकत नाही. तंतूंच्या दिशेने उष्णतेला भिंतींची सलग वाट मिळते, म्हणून त्या दिशेची वाहकता आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. ओल्या लाकडात हवेची जागा पाणी घेते आणि पाण्याची वाहकता ०.६ आहे, म्हणून प्रयोगाची लाकडी सळई पूर्ण वाळलेली घ्यावी.

पायरी ९ : हे ज्ञान पातेल्याच्या तळाला लावून पाहा

तांब्याचा तळ असलेले स्टीलचे पातेले ‘पाणी लवकर उकळते’ म्हणून घेतले जाते. ते खरे आहे का हे आता तपासता येते. तळातून आरपार जाताना होणारा विरोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलसाठी तो ०.००००३ इतका येतो. ज्योत आणि तळ यांच्यामध्ये गरम वायूचा थर असतो; तो ढोबळमानाने एक मिलिमीटर जाडीचा आणि त्या तापमानाला ०.०६ वाहकतेचा धरला, तर त्याचा विरोध ०.०१७ होतो, म्हणजे स्टीलच्या पाचशेपट. खरा अडसर वायूचा आहे. तेव्हा तळ तांब्याचा केला म्हणून पाणी लवकर उकळणार नाही.

फरक पडतो तो आडव्या दिशेने. पातळ स्टीलच्या पातेल्यात खीर लागते तेव्हा करपल्याचे कडे बर्नरच्या कड्याएवढेच उमटते, कारण ज्योत लागते तेथली उष्णता स्टीलमध्ये काही मिलिमीटरच बाजूला सरकू शकते. येथे पाहायचा आकडा म्हणजे वाहकता गुणिले जाडी. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलचा हा गुणाकार, मिलिमीटरमध्ये, ७.५ येतो. त्यावर चढवलेला तांब्याचा मुलामा ०.०२ मिलिमीटरचा असेल, तर त्याची भर ८ ची, म्हणजे जेमतेम दुप्पट, आणि उष्णतेची पसरण वर्गमुळाने वाढत असल्याने प्रत्यक्ष फायदा दीडपटीहूनही कमी. तोच तांब्याचा थर अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर भर २०० ची, आणि तळात ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम दाबून बसवलेले असेल, तर त्याची वाहकता २३७ धरून सुमारे ७०० ची. दुकानात तळाचा रंग पाहण्याऐवजी कडेने त्याची जाडी पाहावी, आणि मूठ मात्र लाकडाची किंवा बेकेलाइटचीच घ्यावी.